सादर करण्यापूर्वी प्रत्येक बाण तपासावा

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे विशिष्ट अनुक्रम ओळखणाऱ्या सर्किटचे, म्हणजेच सीक्वेन्स डिटेक्टरचे, संकल्पन असाइनमेंट म्हणून बहुधा एकदा तरी येतेच. आणि अवस्थाचित्र काढले, त्यावरून तक्ता मांडला, के-मॅप भरून समीकरणे मिळवली व अखेरीस फ्लिप-फ्लॉप आणि गेट यांची आकृती रेखाटली, की आपले काम पुरे झाले अशी त्याची समजूत होते. यापुढे जी तपासणी घडते ती सामान्यतः एवढीच असते की प्रश्नात सांगितलेला अनुक्रम सर्किटला द्यावा, आउटपुटवर 1 उमटलेला पाहावा आणि वही मिटावी. ही तपासणी खोटी नाही, परंतु ती निम्मीदेखील पुरी नाही, हे एक साधे उदाहरण शेवटपर्यंत नेल्याखेरीज पटत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात एकच संकल्पन घेऊन त्याचा हाताने ताळा कसा पाहावा हे सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

उदाहरण असे. एका तारेवरून क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक याप्रमाणे 0 किंवा 1 येत आहेत, आणि शेवटचे चार अंक 1011 असे जुळले की त्याच क्षणी आउटपुट Z वर 1 यावा. एका अनुक्रमाचा शेवट दुसऱ्याचा आरंभ होऊ शकतो, म्हणजे आच्छादन मान्य आहे. इनपुट व सध्याची अवस्था या दोहोंवर आउटपुट अवलंबून ठेवणारी ही मीली पद्धतीची रचना असून तिला चार अवस्था पुरतात. S0 मध्ये उपयोगी असे काहीच हाती नाही, S1 मध्ये 1 हाती आहे, S2 मध्ये 10 आणि S3 मध्ये 101. प्रत्येक अवस्थेतून 0 साठी एक व 1 साठी एक असे दोन बाण निघतात, म्हणून चित्रात एकूण आठ बाण आहेत. S0 वर 0 आल्यास S0 मध्येच राहावयाचे, 1 आल्यास S1 कडे जावयाचे; S1 वरून 0 ने S2, आणि 1 ने पुन्हा S1; S2 वरून 0 ने S0, 1 ने S3; S3 वरून 0 ने S2, आणि 1 ने S1, व या शेवटच्या बाणावर मात्र Z = 1.

अवस्थांना क्रमाने 00, 01, 10, 11 अशी सांकेतिक रूपे दिली आणि दोन डी फ्लिप-फ्लॉप घेतले, तर के-मॅपवरून पुढील समीकरणे निघतात. खुणेसाठी ' हे चिन्ह व्यस्त मूल्य दाखवते.

```
D1 = Q0·X' + Q1·Q0'·X
D0 = X
Z  = Q1·Q0·X
```

आता प्रथम हे पाहावे की 1011 एवढाच अनुक्रम दिल्याने काय तपासले जाते. S0 वरून 1 ने S1, तेथून 0 ने S2, तेथून 1 ने S3 आणि तेथून 1 ने परत S1: चार बाण. उरलेले चार, म्हणजे S0 वरील 0, S1 वरील 1, S2 वरील 0 आणि S3 वरील 0, या तपासणीत एकदाही वाटेत येत नाहीत. आणि हे चार बाण कोणते आहेत याकडे लक्ष दिले तर ध्यानात येईल की अपेक्षित अंक न येता भलताच अंक आल्यास काय करावयाचे, याचा निर्णय नेमका त्यांच्यात सामावलेला आहे. अपेक्षित अंक आला म्हणजे पुढे सरकावयाचे, यात कोणाचीही सहसा चूक होत नाही. चूक होते ती भलता अंक आल्यावर किती मागे जावयाचे हे ठरवताना. 101 नंतर 0 आला म्हणजे अनुक्रम मोडला, तेव्हा आरंभी परतावे, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु आलेल्या 1010 मधील शेवटचे दोन अंक 10 असल्यामुळे ते पुढील प्रयत्नाला उपयोगी आहेत, आणि म्हणून तो बाण S0 कडे न जाता S2 कडे जावयास हवा. अर्थात ज्या बाणांवर विचाराची कसोटी लागते, नेमके तेच बाण प्रचलित तपासणीतून सुटतात.

तेव्हा टेस्ट व्हेक्टर निवडण्याचा पहिला नियम हा की आठही बाण निदान एकेकदा तरी चालून गेले पाहिजेत, आणि ते शक्यतो एकाच सलग अंकमालेत, रीसेटनंतरच्या S0 पासून आरंभ करून. अशी माला किती अंकांची असावी हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. ते चित्रावरूनच मोजता येते. S3 मधून दोन बाण निघतात, म्हणजे S3 सोडून दोनदा बाहेर पडावे लागणार. परंतु S3 मध्ये शिरण्याची वाट एकच, S2 वरून 1 ने. म्हणून तो बाण दोनदा चालावा लागतो. S2 वरून 0 ने जाणारा बाण धरून S2 मधून तीनदा निघणे झाले, म्हणून S2 मध्ये तीनदा शिरणेही आले. तेथे येण्याचे मार्ग दोन, S1 वरून व S3 वरून, आणि S3 वरील दोन निर्गमनांपैकी एक 1 साठी राखून ठेवलेले असल्याने S1 वरील 0 चा बाण दोनदा घ्यावा लागतो. आठ बाण व दोन पुनरावृत्ती मिळून दहा अंक, याहून कमी अंकांत हे काम होत नाही. शोधू लागल्यास अशा माला एकाहून अधिक सापडतात; त्यांपैकी एक ही:

```
X: 0 1 1 0 1 0 1 1 0 0
```

व्हेक्टर निवडला म्हणजे तपासणीची तयारी झाली. परंतु खरी तपासणी पुढे आहे, आणि तिच्यात जी एक कसूर मला विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार आढळते ती प्रथम सांगितली पाहिजे. विद्यार्थी अपेक्षित उत्तर स्वतःच्या अवस्थाचित्रावरून काढतो आणि सर्किटचे उत्तर स्वतःच्याच तक्त्यावरून काढतो, व ही दोन्ही जुळली की समाधान मानतो. वस्तुतः तक्ता हा चित्रावरूनच उतरवलेला असल्यामुळे चित्रातील चूक दोन्हीकडे सारखीच उतरते, आणि दोन चुका एकमेकींशी बिनबोभाट जुळतात. ताळा पाहावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्र हव्यात. अपेक्षित आउटपुट हे प्रश्नाच्या मूळ शब्दांवरून काढावे: अंकमाला कागदावर लिहावी, अवस्थांचा विचारही मनात न आणता तिच्यात 1011 कोठे कोठे येते ते अधोरेखित करावे, आणि प्रत्येक अधोरेखिताच्या शेवटच्या अंकाखाली 1 मांडावा. वरील मालेत पाचव्या ते आठव्या अंकापर्यंत 1011 एकदाच आढळते, म्हणून आठव्या स्थानी 1 व अन्यत्र सर्वत्र 0. सर्किटचे उत्तर मात्र तक्त्यावरून नव्हे, समीकरणांवरूनही नव्हे, तर जी आकृती आपण दाखल करणार आहोत त्या अंतिम आकृतीवरून, एकेका तारेवर बोट ठेवून काढावे. कारण समीकरणात बरोबर असलेला Q0' आकृतीत Q0 च्या पायाला जोडला गेला, हा प्रकार काही दुर्मीळ नाही. वर्गातील एखादा सहाध्यायी जवळ असेल तर एकाने आकृती वाचावी व दुसऱ्याने नोंद करावी, म्हणजे नोंदणाऱ्याच्या मनातील अपेक्षा वाचणाऱ्याच्या उत्तरात मिसळत नाही.

नोंदीचा तक्ता असा आखावा की प्रत्येक ठोक्याला एक ओळ मिळेल, आणि तिच्यात इनपुट, त्या वेळची अवस्था, फ्लिप-फ्लॉपच्या D पायांवर आलेली मूल्ये आणि Z, हे रकाने असतील. वरील समीकरणांबरहुकूम बिनचूक काढलेल्या आकृतीवरून तो तक्ता असा भरला जातो:

```
क्र.  X  Q1Q0  D1D0  Z
 1    0   00    00   0
 2    1   00    01   0
 3    1   01    01   0
 4    0   01    10   0
 5    1   10    11   0
 6    0   11    10   0
 7    1   10    11   0
 8    1   11    01   1
 9    0   01    10   0
10    0   10    00   0
```

तक्ता भरताना ठोक्याच्या आधीचे आणि नंतरचे यांची गल्लत होऊ देऊ नये. एका ओळीतील X, Q1Q0, D1D0 आणि Z ही सारी मूल्ये क्लॉकचा चढता काठ येण्याच्या किंचित आधीची आहेत. काठ आला की D1D0 हेच पुढील ओळीचे Q1Q0 होते. म्हणून प्रत्येक ओळीतील D1D0 आणि तिच्या खालच्या ओळीतील Q1Q0 हे तिरकस जुळले पाहिजेत, आणि तक्ता पुरा झाल्यावर ही तिरकस जुळणी एकदा वरून खालपर्यंत नजरेखालून घालावी. मीली पद्धतीत Z हा इनपुटवरही अवलंबून असल्यामुळे तो काठानंतर वाचला तर उत्तर सर्वस्वी वेगळे दिसू शकते. पाचव्या ओळीनंतरचा काठ येतो तेव्हा सर्किट S3 मध्ये प्रवेश करते, परंतु X अजून 1 वरच असेल तर Q1, Q0 आणि X ही तिन्ही 1 होऊन Z क्षणभर 1 दाखवतो. X बदलून 0 झाला की तो पुन्हा खाली येतो. सिम्युलेटरच्या तरंगचित्रात हा अनाहूत 1 स्पष्ट दिसतो, आणि तो पाहून कित्येक विद्यार्थी बरोबर असलेले सर्किट मोडून पुन्हा जोडावयास घेतात. हा संकल्पनातील दोष नव्हे, तो मीली रचनेचा स्वभावच आहे. Z केवळ काठाच्या अगोदर, इनपुट स्थिर झाल्यावर वाचावा, म्हणजे ही शंका राहत नाही. ज्या असाइनमेंटमध्ये असा क्षणिक 1 मुळीच चालणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असेल, तेथे मूर रचना घ्यावी, किंवा Z आणखी एका फ्लिप-फ्लॉपमधून काढून तो एक ठोका उशिरा मिळेल हे पत्करावे.

आता तपासणीतील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. आठही बाण चालून झाले, Z चा रकाना अपेक्षेशी तंतोतंत जुळला, तरीही संकल्पन चुकीचे असू शकते काय? असू शकते, आणि ते कसे हे दाखवण्यासाठी एक अगदी नित्याची चूक घेऊ. D1 च्या के-मॅपमध्ये 1 येणारी घरे तीन आहेत: Q1Q0X या क्रमाने 010, 110 आणि 101. पहिली दोन शेजारी असल्याने त्यांचा गट Q0·X' असा होतो. तिसरे घर मात्र एकटे आहे, त्याला 1 असलेला एकही शेजारी नाही. घाईत असलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेला Q1 = 1 च्या ओळीत 101 व 110 या दोन घरांतील 1 दिसतात, मधल्या 111 या घरातील 0 निसटतो, आणि तो 101 व 111 यांची जोडी करून Q1·X असे पद लिहितो. मग त्याचे समीकरण होते D1 = Q0·X' + Q1·X, दिसावयास मूळ समीकरणाहून नीटस, आणि एक इनपुट कमी लागल्यामुळे गुणही अधिक मिळतील अशी आशा उत्पन्न करणारे.

या चुकीच्या आकृतीवर तीच दहा अंकांची माला चालवून पाहा. पहिल्या सात ओळींत कोठेही फरक पडत नाही. आठव्या ओळीत अवस्था 11 व X = 1 असताना Z योग्यपणे 1 येतो, परंतु D1D0 मात्र 01 ऐवजी 11 येते, म्हणजे सर्किट S1 कडे न जाता S3 मध्येच राहते. नवव्या ओळीत X = 0 आहे, आणि 0 आल्यावर S1 वरूनही S2 कडे जातात व S3 वरूनही S2 कडेच जातात; त्यामुळे भलत्या ठिकाणी पोहोचलेले सर्किट एकाच पावलात पुन्हा योग्य वाटेवर येते आणि दहाव्या ओळीनंतर निर्दोष सर्किटाप्रमाणे S0 वर थांबते. Z चा रकाना दोन्हींचा अक्षरशः एकच. ज्याने केवळ आउटपुट पाहिले त्याला हे संकल्पन मंजूर करावे लागले असते. ज्याने D1D0 चा रकाना अवस्थाचित्राशी ओळीओळीने ताडून पाहिला त्याला आठव्याच ओळीत चूक सापडली असती.

यावरून असा शिरस्ता ठेवावा की प्रत्येक ओळीत दोन प्रश्नांची उत्तरे तपासावयाची: आउटपुट बरोबर आले काय, आणि बाण जेथे पोहोचावयाचा तेथेच पोहोचला काय. दुसऱ्या प्रश्नासाठी अपेक्षित मूल्यही प्रश्नाच्या अर्थावरूनच काढता येते: आतापर्यंत आलेल्या अंकांचा शेवटचा तुकडा 101, 10 किंवा 1 यांपैकी सर्वांत लांब कोणत्याशी जुळतो ते पाहावे, व ती अवस्था लिहावी, यांपैकी कशाशीही न जुळल्यास S0. आठव्या अंकानंतर आलेली माला 01101011 आहे, तिचा शेवट 101 नाही, 10 नाही, 1 आहे, म्हणून S1. अवस्थाचित्राकडे पाहण्याची गरजच पडत नाही, आणि त्यामुळे चित्रातच चूक असली तरी ती येथे उघडकीस येते.

चूक सापडली म्हणजे तिचे मूळ शोधणे सोपे आहे, मात्र अपेक्षेहून पहिली जी ओळ वेगळी पडली तिच्यावरच लक्ष केंद्रित केले पाहिजे; तिच्या खालील ओळी त्या चुकीचे परिणाम असू शकतात आणि त्यांच्यामागे लागणे म्हणजे वेळ दवडणे होय. त्या ओळीतील Q1, Q0 आणि X ही तीन मूल्ये एकत्र लिहिली की के-मॅपमधील घराचा पत्ता मिळतो. येथे तो 111 आहे, आणि बिघडलेले मूल्य D1 चे आहे. D1 च्या के-मॅपमध्ये 111 या घराकडे जावे, तेथे 0 असूनही त्याच्याभोवती कडे पडलेले दिसेल. के-मॅपमध्ये घर बरोबर असेल तर समीकरण पाहावे, तेही बरोबर असेल तर त्या पदाचे गेट व त्याच्या तारा पाहाव्यात. दुरुस्ती झाल्यावर माला आरंभापासून पुन्हा चालवावी. कारण तेच पद पाचव्या आणि सातव्या ओळीतही S3 कडे नेण्याचे काम करत असते, आणि एका घरासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या घराला बाधक ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

परंतु अवस्था पाहण्याची सोय प्रत्येक वेळी असतेच असे नाही. असाइनमेंट तपासणाऱ्याच्या हाती बहुधा केवळ X, क्लॉक, रीसेट आणि Z असतात, आणि त्याने निवडलेले व्हेक्टर आपल्याला अगोदर ठाऊक नसतात. तेव्हा आउटपुटवरूनच चुका उघड करणारी दुसरी माला आपणही तयार ठेवावी. यंत्राच्या आत न डोकावता केवळ इनपुट देऊन व आउटपुट पाहून त्याच्या अवस्थांविषयी काय निश्चित करता येते, हा प्रश्न एडवर्ड मूर यांनी १९५६ सालच्या आपल्या शोधनिबंधात मांडला होता, आणि टी. एस. चाऊ यांनी १९७८ साली त्यावरून तपासणीची एक पद्धतशीर रीत दिली. तिचा गाभा एवढाच की बाण चालून झाल्यावर लगेच पुढे न जाता, पोहोचलेली अवस्था कोणती हे आउटपुटमधून बोलती करील अशी एखादी छोटी अंकमाला तेथे जोडावी. आपल्या उदाहरणात 11 आणि 011 या दोन माला मिळून चारही अवस्था ओळखू येतात. S3 वर 11 दिले तर आउटपुट 10 येते, S2 वर 01 येते, आणि S0 व S1 वर 00. या शेवटच्या दोहोंत फरक करण्यासाठी 011 द्यावे, म्हणजे S1 वर 001 मिळते व S0 वर 000.

प्रत्येक बाणामागे या दोन्ही माला जोडल्या तर तपासणी कडेकोट होते, परंतु लांबीही बरीच वाढते आणि हाताने ती करणे कंटाळवाणे ठरते. माझ्या मते विद्यार्थ्याने नेहमीच्या चुका डोळ्यांपुढे ठेवून निवडलेली पंधरा अंकांची पुढील माला पहिल्या मालेच्या जोडीस ठेवावी, म्हणजे व्यवहारात बहुतेक सर्व कसर भरून निघते:

```
X: 0 0 1 1 0 1 1 0 1 1 1 0 0 1 1
Z: 0 0 0 0 0 0 1 0 0 1 0 0 0 0 0
```

हिच्यातील प्रत्येक तुकड्याला प्रयोजन आहे. आरंभीच्या 0011 मध्ये S0 वरील 0 चा बाण चुकून S1 कडे गेला असेल तर चौथ्या स्थानी नको तो 1 उमटतो. त्यानंतरच्या तुकड्यात S1 वर दुसरा 1 आल्याने जो विद्यार्थी S0 कडे परतला असेल, त्याचा सातव्या स्थानचा 1 हरवतो. हीच चूक पहिल्या दहा अंकांच्या मालेत आउटपुटवर दिसत नाही, कारण तेथे ओळखावयाचा अनुक्रम पुढे पाचव्या अंकापासून नव्याने सुरू होत होता. सात ते दहा हा तुकडा आच्छादनाचा: सातव्या अंकाने एक अनुक्रम पुरा होतो व तोच अंक दुसऱ्याचा पहिला अंक होतो, म्हणून 1011 मिळाल्यावर S0 कडे जाणाऱ्या सर्किटला दहाव्या स्थानी 1 देता येत नाही. येथे प्रश्नपत्रिकेतील शब्द पुन्हा काळजीपूर्वक वाचावे. आच्छादन अमान्य असेल तर दहाव्या स्थानी 0 हेच बरोबर उत्तर होय, आणि पहिली माला या दोन प्रश्नांमध्ये भेद करू शकत नव्हती. अकराव्या स्थानाचा जादा 1 हा वर वर्णन केलेल्या के-मॅपच्या चुकीसाठी आहे: S3 मध्येच अडकून राहिलेले सर्किट तेथे पुन्हा 1 दाखवते. आणि शेवटचे 0011 हे S2 वर 0 आल्यावर तेथेच थांबून राहणाऱ्या सर्किटला पंधराव्या स्थानी पकडते.

या मालेची मर्यादाही सांगून ठेवली पाहिजे. S2 वरील 0 चा बाण S0 ऐवजी S1 कडे वळला असेल तर तिच्यातील शेवटचे दोन अंक 1, 1 असल्याने सर्किट S1 वरच राहते आणि आउटपुट निर्दोष दिसते. ती चूक पकडावयाची तर 100 नंतर 011 द्यावे लागते. म्हणूनच आउटपुटची माला कितीही कुशलतेने निवडली तरी, आपल्याच संकल्पनाची तपासणी करताना, जेथे अवस्था आपल्याला उघड दिसत आहेत तेथे अवस्थांचा रकाना भरण्याची टाळाटाळ करू नये.

रीसेटचा बाण चित्रात बहुधा काढला जात नाही, म्हणून तो तपासणीतूनही सुटतो. दोन्ही फ्लिप-फ्लॉपच्या क्लिअर पायांना रीसेटची तार खरोखर पोहोचली आहे काय हे पाहण्यासाठी S0 वर असताना रीसेट देऊन उपयोग नाही. S3 मध्ये नेऊन तेथे रीसेट द्यावा, कारण तेथे दोन्ही Q 1 असतात आणि एकाची तार सुटली असेल तर ती लगेच कळते. अवस्था चार असल्याने येथे दोन फ्लिप-फ्लॉपची चारही मूल्ये वापरात आहेत. परंतु पाच अंकांचा अनुक्रम ओळखावयाचा असेल आणि पाच अवस्था लागत असतील तर तीन फ्लिप-फ्लॉपच्या आठ मूल्यांपैकी तीन बेवारस राहतात. त्यांच्याकडे नेणारा बाण चित्रात नसल्यामुळे कोणतीही अंकमाला तेथे पोहोचत नाही. अशा प्रत्येक मूल्यासाठी Q चे अंक कागदावर स्वतः मांडून X = 0 व X = 1 या दोन्हींसाठी पुढील अवस्था काढावी, आणि के-मॅपमध्ये डोन्ट केअर म्हणून घेतलेल्या घरांनी सर्किटला अशा फेऱ्यात तर टाकले नाही ना, की ज्यातून ते कधीच बाहेर पडणार नाही, हे पाहावे.

दाखल करावयाच्या वहीत समीकरणे व आकृती यांच्या जोडीला दहा ओळींचा भरलेला तक्ता, पंधरा अंकांची माला व तिचे आउटपुट, आणि S3 मधून दिलेल्या रीसेटची एक ओळ अवश्य जोडावी. तक्त्याच्या कडेला प्रत्येक ओळीसमोर ती कोणता बाण तपासते हे लिहावे, आणि अपेक्षित रकाना सर्किटचा रकाना भरण्यापूर्वीच शाईने लिहून ठेवावा, म्हणजे नंतर उत्तराला अनुसरून अपेक्षा बदलण्याचा मोह होणार नाही.